पेमेंट कमी आलं, आपण थकबाकीचा रिमाइंडर पाठवला, आणि फरक निघाला टीडीएसचा: कस्टमरला मेल कसा लिहायचा

अंबडला आमचं एअर कॉम्प्रेसर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. मालक म्हणजे आमचे हे, स्पॅनर त्यांच्याकडे. बिलं, बँक आणि मेल माझ्याकडे. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे पॅन यांचाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आमच्या एका जुन्या कस्टमरला २,३७२ रुपयांच्या थकबाकीचा रिमाइंडर पाठवला. तासाभरात तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमचं उत्तर आलं, की सगळी बिलं पास होऊन पैसे गेलेत, एक रुपया बाकी नाही, तुमचं लेजर तपासा. भाषा सभ्य होती, पण वाचताना कानशिलं गरम झाली.

ही गोष्ट दरवर्षी कुणा ना कुणाकडे होते. बिल एका रकमेचं, बँकेत येते थोडी कमी, आणि फरक पार्टीच्या खात्यात पडून राहतो. मार्च जवळ आला की तो थकबाकी म्हणून डोकं वर काढतो. मग कस्टमरला दोनपैकी एक मेल जातो. पहिला भांडणाचा: 'आपल्याकडून कमी पेमेंट झाले आहे, त्वरित पाठवावे.' दुसरा घाईचा: 'फरक टीडीएसचा आहे, लक्षात आले, क्षमस्व.' पहिल्याने संबंध बिघडतात हे कळतं. दुसऱ्याने पैसे जातात, हे मला त्या दिवशी कळलं. तो मेल मी टाइप केला होता, फक्त सेंड दाबायचं बाकी होतं.

आधी गणित, मग मेल

तिन्ही बिलं २०२४-२५ ची होती. पहिलं जूनचं, एका प्लँटच्या एएमसीचं: ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. बँकेत आले ४६,८००. दुसरं सप्टेंबरचं, दुसऱ्या प्लँटच्या एएमसीचं, रक्कम तीच, ४७,२००. आले ४६,७२८. तिसरं डिसेंबरचं, एका कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलिंगचं: २५,००० अधिक ४,५०० जीएसटी, एकूण २९,५००. आले २८,०००. तूट अनुक्रमे ४००, ४७२ आणि १,५००. बेरीज २,३७२.

ही बेरीज घेऊन बसलात तर काहीच कळत नाही. प्रत्येक बिलाची तूट वेगळी घ्यायची आणि त्या बिलाच्या जीएसटीआधीच्या रकमेने भागायची. एवढंच करायचं, पण उत्तर बोलकं असतं.

पहिल्या बिलात ४०० भागिले ४०,०००, म्हणजे बरोबर १ टक्का. कंत्राटी कामावर कलम १९४सी खाली व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला देताना १ टक्का आणि भागीदारी फर्म, कंपनी वगैरेंना देताना २ टक्के कापतात. आम्ही प्रोप्रायटर, म्हणून १. हे बिल चोख.

दुसऱ्यात ४७२ भागिले ४०,०००, म्हणजे १.१८ टक्के. असा दर कुठल्याच कलमात नाही. पण १.१८ हा आकडा ओळखीचा व्हायला हवा, कारण तो १ टक्क्याला १८ टक्के जीएसटी चिकटला की तयार होतो. ४७,२०० चा १ टक्का ४७२. म्हणजे कस्टमरने जीएसटीसकट पूर्ण रकमेवर टीडीएस कापला. दर २ टक्के असता तर हाच आकडा २.३६ आला असता, आणि १० टक्के असता तर ११.८. हे तीन आकडे मी कॅल्क्युलेटरच्या मागे चिकटवून ठेवलेत. सीबीडीटीने १९ जुलै २०१७ च्या परिपत्रक क्र. २३ मध्ये स्पष्ट केलंय, की करारात किंवा ऑर्डरमध्ये सेवेवरचा जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा.

तिसऱ्यात १,५०० भागिले २५,०००, म्हणजे ६ टक्के. जीएसटीसकट भागलं तर ५.०८. दोन्ही आकडे कुठल्याच दराशी जुळत नाहीत. मग मी आधी १ टक्का बाजूला काढला, २५०. उरले १,२५०, म्हणजे २५,००० चे ५ टक्के. परचेस ऑर्डर उघडली. काम उशिरा दिल्यास ५ टक्के कपात, अशी ओळ दुसऱ्या पानावर तळाशी होती. काम एक आठवडा उशिरा गेलं होतं, कारण एअर-एंडचे बेअरिंग वेळेत मिळाले नाहीत. ती कपात योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण तो टीडीएस नव्हता.

या तिसऱ्या बिलाबद्दल एक शंका हमखास येते. एका वेळी ३०,००० पर्यंत टीडीएस लागत नाही ना, मग २५,००० वर का? १९४सी मध्ये दोन मर्यादा आहेत. एका पेमेंटला ३०,००० च्या वर, किंवा वर्षभराची बेरीज १ लाखाच्या वर. आमची तीन बिलं जीएसटी सोडून १,०५,००० होतात. वर्षाची मर्यादा ओलांडली, म्हणून छोट्या बिलावरही कपात बरोबरच.

आता घाईच्या मेलकडे परत येते. 'फरक टीडीएसचा आहे' असं मी २,३७२ रुपयांबद्दल लिहून दिलं असतं, तर १,२५० रुपयांच्या दंडाला मी लेखी मान्यता दिली असती आणि तीही चुकीच्या नावाखाली. शिवाय आपल्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दाखवणाऱ्या २६एएस मध्ये जास्तीत जास्त १,१२२ च दिसले असते आणि बाकीचे शोधत मी जुलैमध्ये सीएंचं डोकं खाल्लं असतं.

टीडीएस आहे, पण पोचलाय का?

गणित जुळलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. कस्टमरने कापलेले पैसे आपलेच आहेत, फक्त ते आपल्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायला हवेत. ते झालेत की नाही हे कस्टमरचा शब्द सांगत नाही, २६एएस सांगतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथूनच ट्रेसेस या टीडीएसच्या साइटवर जाता येतं आणि वर्ष निवडून तो उघडता येतो.

उघडण्याआधी तारखांचा हिशोब करावा, नाहीतर उगाच घाबरायला होतं. कस्टमर महिन्याचा टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरतो, मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत. पण आपल्या नावासमोर नोंद दिसते ती तिमाही रिटर्न भरून प्रोसेस झाल्यावर. त्या रिटर्नच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. म्हणजे जुलैत कापलेला टीडीएस ऑगस्टमध्ये शोधणं व्यर्थ आहे, तो नोव्हेंबरात दिसेल.

आणखी एक गोष्ट गोंधळ घालते. टीडीएस पैसे देतानाच कापतात असं नाही. बिल खात्यावर जमा केलं किंवा पैसे दिले, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. त्यामुळे आमचं जूनचं बिल जूनमध्येच बुक झालं, पैसे जुलैअखेर आले, तर टीडीएस एप्रिल ते जूनच्या तिमाहीत दिसतो. मार्चच्या बिलाला हे फार नडतं. पैसे मेमध्ये कमी आले म्हणून तुम्ही नव्या वर्षात शोधता, आणि नोंद मागच्या वर्षात बसलेली असते.

मी फेब्रुवारीत उघडला तेव्हा जूनच्या बिलाचे ४०० दिसले, स्टेटस एफ, म्हणजे पक्कं. डिसेंबरच्या बिलाचे २५० दिसले, तेही एफ. सप्टेंबरचे ४७२ नव्हते. ऑक्टोबर उलटून साडेतीन महिने झाले होते, म्हणजे 'अजून रिटर्न भरलं नसेल' हे कारण पटण्यासारखं नव्हतं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका व्हेंडरला फोन केला, त्याचा जुलै ते सप्टेंबरचा टीडीएस आला होता. मग रिटर्न भरलेलं आहे, फक्त आमचं नाव त्यात नाही.

इथे मला दुसऱ्या बिलाचा १.१८ आठवला. जूनला आणि डिसेंबरला बरोबर १ टक्का, आणि मधल्या एकाच बिलाला जीएसटीसकट कपात. एकाच बिलाच्या दोन गोष्टी चुकल्या असतील तर त्या बिलाची नोंद कुणी वेगळ्या माणसाने केली असणार. हा अंदाज होता, त्यामुळे मेलमध्ये लिहिला नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकाखाली एक मांडल्या.

पाठवलेला मेल

> विषय: बिल क्र. २१, ४७ आणि ६८: रिमाइंडरमधील २,३७२ रुपयांचा खुलासा
>
> नमस्कार मॅडम,
>
> १२ तारखेच्या आमच्या रिमाइंडरमध्ये २,३७२ रुपये थकबाकी दाखवली होती. बिलं पुन्हा तपासली. यातले १,१२२ रुपये तुम्ही कापलेला टीडीएस आहे, ते आमचं तुमच्याकडे येणं नाही. आमच्याकडे टीडीएसची नोंद राहून गेली होती. तुम्हाला विनाकारण त्रास झाला, माफ करा.
>
> बिल २१ (जून): एकूण ४७,२००, मिळाले ४६,८००, टीडीएस ४००.
> बिल ४७ (सप्टेंबर): एकूण ४७,२००, मिळाले ४६,७२८, टीडीएस ४७२.
> बिल ६८ (डिसेंबर): एकूण २९,५००, मिळाले २८,०००, टीडीएस २५०, उरलेला फरक १,२५०.
>
> दोन गोष्टींसाठी तुमची मदत हवी आहे.
>
> पहिली, बिल ४७ चे ४७२ रुपये आमच्या २६एएस मध्ये आज दिसत नाहीत. बिल २१ आणि ६८ चे दिसतात. बिल ४७ ची कपात कोणत्या पॅनवर नोंदली गेली, तेवढं तुमच्या जुलै ते सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये पाहाल का? आमच्या पॅनची प्रत आणि २६एएसचं पान सोबत जोडलं आहे.
>
> दुसरी, याच बिलावर कपात जीएसटीसकट रकमेवर झालेली दिसते (४७,२०० चा १ टक्का). झालेली कपात परत मागत नाही, ती आमच्या पॅनवर आली की आम्हाला रिटर्नमध्ये मिळेल. पुढच्या बिलांपासून जीएसटी सोडून रकमेवर कापावी, ही विनंती.
>
> बिल ६८ मधले १,२५० रुपये उशिराच्या कपातीचे असावेत असं ऑर्डरवरून वाटतं. त्याबद्दल परचेस विभागाला वेगळा मेल करत आहे, तुमच्याकडे त्याची डेबिट नोट असेल तर पाठवावी.
>
> आपली,
> (नाव, फर्म, पॅन, जीएसटी क्रमांक, मोबाईल)

काही ठिकाणं मी मुद्दाम अशी लिहिली, त्यांचं कारण सांगते.

पहिल्या परिच्छेदात 'हे आमचं येणं नाही' असं सरळ लिहिलंय. समोरचा माणूस मेल उघडताना एकच गोष्ट शोधत असतो, की पैसे मागतायत की नाही. ते पहिल्या चार ओळींत मिळालं की पुढचं शांतपणे वाचलं जातं. माफीही एकदाच. तीनदा मागितली की पुढच्या मागण्या लाचारीच्या वाटतात.

प्रत्येक बिलापुढे एकूण, मिळालेले आणि टीडीएस, असे तीन आकडे आहेत. कस्टमरच्या लेजरमध्ये हेच तीन आकडे एका ओळीत असतात, त्यामुळे तिथे बोट ठेवून पडताळता येतं. कलमं लिहिली नाहीत. अकाउंट्सच्या माणसाला १९४सी शिकवायला जाऊ नये, त्याने रोज तेच केलेलं असतं. परिपत्रकाचा नंबर कुणी विचारलाच तर देण्यासाठी हाताशी असला म्हणजे झालं.

७२ रुपये जास्त कापले गेले ते परत का मागितले नाहीत? कारण तो पैसा कस्टमरकडे राहिलेलाच नाही, त्याने तो सरकारला भरला. आपल्या पॅनवर पूर्ण ४७२ आले की आपण पूर्ण ४७२ चंच क्रेडिट घेतो. परत मागितले तर त्याला रिटर्न, चलन, व्हाउचर सगळं उलटं करावं लागेल आणि ७२ रुपयांसाठी कुणी ते करणार नाही. नुकसान फक्त खेळत्या भांडवलाचं आहे. आमच्यासारख्यांना ७२ चं काही वाटत नाही, पण वर्षाला ४० लाखांची बिलं एकाच कंपनीला करणाऱ्याचे यात ७,२०० रुपये रिफंड येईपर्यंत अडकतात. म्हणून विनंती पुढच्या बिलांपुरती.

१,२५० रुपयांचा वाद वेगळ्या मेलमध्ये का, हे तर उघड आहे. टीडीएस अकाउंट्स पाहतं, उशिराची कपात परचेसने लावलेली असते. दोन्ही एका मेलमध्ये टाकलं की अकाउंट्स तो मेल परचेसला फॉरवर्ड करतं आणि टीडीएसही तिथे जाऊन पडून राहतो.

काय निघालं

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, यावेळी आवाज हसरा होता. सप्टेंबरमध्ये त्या महिनाभर रजेवर होत्या. तेव्हा नव्या मुलाने आमचा व्हेंडर कोड सापडला नाही म्हणून दुसरा उघडला, त्यात आमच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या एका दुसऱ्या दुकानाचा पॅन टाकला, आणि टीडीएसचा हिशोबही त्या कोडवर एकूण रकमेवर लागला. आमचे ४७२ रुपये त्या दुकानदाराच्या २६एएस मध्ये जाऊन बसले होते. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसेल. त्यांनी करेक्शन रिटर्न भरलं, आणि मार्चअखेर ते आमच्याकडे दिसू लागले.

त्यांनी दुरुस्ती केली नसती तर? पॅन चुकलाय हे कबूल केल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. जास्त अवघड असतो तो कस्टमर, ज्याने कापलं पण भरलंच नाही. ओळखायची खूण ही, की त्याच्या कुठल्याच व्हेंडरला त्या तिमाहीचा टीडीएस दिसत नाही आणि तो टीडीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १६ए, द्यायला टाळाटाळ करतो. १६ए हा ट्रेसेसवरूनच डाउनलोड केलेला हवा. रिटर्नच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत तो द्यायचा असतो, म्हणजे जुलै ते सप्टेंबरचा १५ नोव्हेंबरपर्यंत. एक्सेलमध्ये टाइप करून सही-शिक्का मारलेला कागद पाठवला तर त्यावर समाधान मानू नका, त्यामागे रिटर्न असेलच असं नाही. अशा वेळी, मार्च २०२६ पर्यंतच्या कपातीसाठी, आयकर कायदा, १९६१ चं कलम २०५ आपल्या बाजूचं आहे: जेवढा कर कापला गेलाय तेवढा आपल्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण पोर्टल कलम वाचत नाही, २६एएस वाचतं. क्रेडिट दिसलं नाही तर डिमांड येते, आणि कपात झाली हे आपल्यालाच दाखवावं लागतं. म्हणून बिल, बँक स्टेटमेंटची ओळ आणि कस्टमरचा पेमेंट अ‍ॅडव्हाइस एकत्र जपून ठेवा. अ‍ॅडव्हाइसवर 'टीडीएस' असा शब्द आणि रक्कम छापलेली असते, तो सगळ्यात पक्का पुरावा.

नोंद दिसते पण स्टेटस यू असेल, तर रिटर्नमधला चलनाचा तपशील बँकेकडच्या नोंदीशी जुळलेला नसतो. यात आपल्याला काही करता येत नाही, कस्टमरला तेवढंच कळवायचं.

हे पुन्हा होऊ नये म्हणून

खरं सांगायचं तर रिमाइंडर गेला तो आमच्याच चुकीने. बँकेत ४६,८०० आले की आमच्याकडे एन्ट्री करणारा पोरगा ४६,८०० ची रिसीट टाकायचा आणि पुढे जायचा. ४०० पार्टीच्या नावावर राहायचे. बरोबर नोंद अशी:

```
बँक खाते            नावे    46,800
टीडीएस रिसिव्हेबल    नावे       400
    पार्टी खाते      जमा    47,200
```

बिल पूर्ण भागलं, आणि ४०० सरकारकडून येणं म्हणून दिसू लागले. वर्षअखेर टीडीएस रिसिव्हेबलचं खातं आणि २६एएस समोरासमोर ठेवले की कोणाचं आलं नाही ते दहा मिनिटांत कळतं. आमच्या ओळखीतले एक फॅब्रिकेशनवाले हा फरक 'कसर-बट्टा' म्हणून खर्चात लिहून टाकायचे. कटकट नको म्हणून. मग तो टीडीएस कुणी क्लेमच करत नसे. ते चूक आहे: उत्पन्न पूर्ण ४०,००० दाखवायचं आणि ४०० चं क्रेडिट घ्यायचं. कापलेला टीडीएस आपल्याला मिळालेलं उत्पन्नच धरतात.

रिसीट टाकण्याआधी आता तो पोरगा तूट भागून बघतो. १ टक्का आला तरच टीडीएस रिसिव्हेबलमध्ये टाकायचा. दुसरा काहीही आकडा आला तर मला दाखवायचं. २० टक्के आला तर लगेच फोन, कारण तो पॅन नसल्यावर लागणारा दर आहे, म्हणजे कस्टमरच्या मास्टरमध्ये आपला पॅन पडलेलाच नाही. २ टक्के आला तर कस्टमरने आपल्याला फर्म समजलंय किंवा काम तांत्रिक सेवा म्हणून १९४जे मध्ये टाकलंय. नेहमीची देखभाल, स्पेअरसकट असली तरी, १९४सी मध्ये येते, असं सीबीडीटीने १९९५ च्या परिपत्रक क्र. ७१५ मध्येच सांगितलंय. पण क्रेडिट दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे मी यावर एकदाच विनंती करते, भांडत नाही.

सरकारी खात्याचं काम करत असाल तर एक जादा घोळ ध्यानात ठेवा. तिथे अडीच लाखांवरच्या कंत्राटावर जीएसटीचाही २ टक्के टीडीएस कापतात. तो २६एएस मध्ये शोधून सापडणार नाही, जीएसटी पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरमध्ये येतो. आयकराचा १ आणि हा २, मिळून ३ टक्के तूट दिसली तर दोन वेगळ्या खात्यांत नोंद करा.

आमच्या बिलाचा साचाही बदलला. पॅन आधी तळाशी बारीक अक्षरात होता, तो आता फर्मच्या नावाखाली. कामाची रक्कम, जीएसटी आणि एकूण अशा तीन स्वतंत्र ओळी. स्पेअर वेगळ्या ऑर्डरवर नुसते विकले असतील तर त्यांचं बिलही वेगळं, कारण एका बिलात मिसळलं की कस्टमर सगळ्यावर कापून मोकळा होतो.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना आयकर कायदा, २०२५ लागू आहे. पगार सोडून इतर टीडीएस तिथे कलम ३९३ च्या तक्त्यांत एकत्र आलेत. कंत्राटाचे १ आणि २ टक्के तेच आहेत, त्यामुळे भागाकाराची युक्ती तशीच चालते. पण मेलमध्ये कलम किंवा फॉर्मचा नंबर लिहायची वेळ आलीच, तर सवयीने १९४सी किंवा १६ए लिहू नका. कस्टमरच्या सर्टिफिकेटवर जो नंबर छापलाय तो बघून उतरवा.

१,२५० रुपयांचं म्हणाल तर परचेसच्या साहेबांनी अर्धी कपात मागे घेतली. बेअरिंगच्या सप्लायरचा उशिराचा मेल जोडला होता, त्याचा उपयोग झाला. ६२५ रुपये पुढच्या पेमेंटमध्ये आले, आणि त्या पेमेंटमधली तूट भागून पाहिली तर बरोबर १ टक्का.